‘सही केली’ हे वाक्य कोणाचं? बोलणाऱ्यांची नावं नसलेल्या एका मुलाखतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात आमचा सहा-सात जणांचा अभ्यासगट आहे. नवी मुंबईतल्या मूळ गावांमधल्या कुटुंबांच्या मुलाखती आम्ही घेतो. १९७० साली सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं करायचं ठरलं. त्या जमिनींपैकी बऱ्याच खाडीकाठच्या खारजमिनी होत्या. त्या कशा कसायच्या हे ज्यांना अंगच्या सवयीने माहीत आहे, ती पिढी आता थकत चालली आहे. त्यांचं बोलणं वेळेत नोंदवून ठेवावं, एवढाच हेतू.

प्रत्येक मुलाखतीच्या तीन गोष्टी आमच्याकडे राहतात: रेकॉर्डिंग, ते शब्दशः उतरवून काढलेला मजकूर आणि दोन-तीन पानांचा सारांश. रेकॉर्डिंग फार कोणी ऐकत नाही आणि पन्नास पानांचा मजकूरही कोणी वाचत नाही. वाचला जातो तो सारांश. त्याची एक प्रत त्या घरी जाते आणि अभ्यासक तेवढ्याच पानांवर विसंबतात.

ही मुलाखत ऐरोली ते बेलापूर या पट्ट्यातल्या एका गावातली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात तिघं बोलायला बसले होते: सर्वांत थोरले भाऊ, जन्म १९५८चा, धाकटे भाऊ, जन्म १९७१चा, आणि मधल्या भावाच्या पत्नी. मधले भाऊ हयात नाहीत. त्या बाईंना इथे वहिनी म्हणते. आमच्या बाजूने दोन विद्यार्थी गेले होते, एक मुलगा आणि एक मुलगी. मी गेले नव्हते.

मुलाखत एक तास अकरा मिनिटं चालली. मध्येच फोन आल्याने रेकॉर्डिंगचे दोन तुकडे झाले, २७ मिनिटांचा पहिला आणि ४४ मिनिटांचा दुसरा. पहिला तुकडा आमच्या सामायिक फोल्डरमध्ये नीट चढला. दुसरा अर्धवट चढून अडकला, आणि फोनमध्ये जागा हवी म्हणून मुलाने मूळ फाइल पुसून टाकली. मुलाखत उतरवून देणाऱ्या बाईंकडे दोन्ही तुकडे व्हॉट्सॲपवर गेले होते. त्यांनी काम पूर्ण केल्यावर नेहमीप्रमाणे फाइली काढून टाकल्या. आमच्या हाती राहिले २३१ परिच्छेद, त्यांपैकी पहिल्या ८८ परिच्छेदांपुरता आवाज. आणि एकाही परिच्छेदापुढे कोण बोलतंय हे लिहिलेलं नव्हतं.

अडचण कशी लक्षात आली

पहिला मसुदा मुलानेच लिहिला होता. भाषा चांगली होती, वाचायलाही सोपा होता. दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: ‘थोरल्या भावांनी मान्य केलं की बिल्डरच्या माणसाने आणलेला कागद न वाचताच त्यांनी सही केली.’

साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देण्याच्या योजनेत, कुटुंबाला मिळालेल्या भूखंडाबद्दलची ही गोष्ट. त्या भूखंडाच्या पैशांवरून तिघांमध्ये वाद होता आणि तो कोर्टात जायच्या बेतात आहे, हे आम्हाला मुलाखतीच्या आधीच कळलं होतं. अशा घरात ‘सही मी केली’ हे वाक्य कोणाच्या तोंडी घालायचं, ही साधी गोष्ट नव्हे.

मी मुलाला विचारलं, “हे थोरलेच बोलले, कशावरून?”

तो थोडा थांबून म्हणाला, “ताई, तेच मोठे ना. सही तेच करणार. आणि मला वाटतं त्यांचाच आवाज होता.”

मुलाखतीला पाच आठवडे झाले होते. मुलीच्या वहीत पहिल्या अर्ध्या तासात ‘थो.’, ‘धा.’, ‘व.’ अशा खुणा होत्या. पुढे चहा आला आणि वही मिटली गेली ती गेलीच.

मग मजकूर काढून पाहिला. तो भाग असा होता:

> १४१. सही केली तेव्हा कागद वाचला नव्हता.
> १४२. बाबा म्हणायचे, वाचून काय करणार.
> १४३. म्हणजे विश्वासावर दिला.
> १४४. हो. माणूस घरातला होता.
> १४५. घरातला कसला, ओळखीचा.
> १४६. त्या दिवशी पाऊस होता. गेलो सगळे, संध्याकाळ झाली यायला.
> १४७. मी नाही गेले.

एवढ्या सात ओळी. त्यातली बोलणाऱ्याबाबत नक्की सांगता येईल अशी ओळ एकच, शेवटची. ‘मी नाही गेले’ म्हणणारी बाईच असणार आणि आमची विद्यार्थिनी त्या दिवशी कुठे जाण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे वहिनी. बाकी सगळं धुक्यात.

१४१ मध्ये ‘सही केली’ आहे. शाळेत आपण ‘मी आंबा खाल्ला’ या उदाहरणावर कर्मणी प्रयोग शिकतो. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, कर्त्याप्रमाणे नाही. सही स्त्रीलिंगी म्हणून ‘केली’, कागद पुल्लिंगी म्हणून ‘वाचला’. बोलणारा पुरुष आहे की बाई, हे त्यात उमटतच नाही. वर कर्ताही गाळलेला. ‘मी’, ‘आम्ही’, ‘त्यांनी’, काहीही असू शकतं.

१४२ ने तर आणखी एक प्रश्न उभा केला. ‘बाबा म्हणायचे’ हे पुढच्या शब्दांना जोडायचं की मागच्या? आपण बोलताना दोन्ही करतो. ‘बाबा म्हणायचे, वाचून काय करणार’ असंही म्हणतो, आणि ‘सही केली तेव्हा कागद वाचला नव्हता, बाबा म्हणायचे’ असंही म्हणतो. दुसरं खरं असेल तर सही वडिलांची होती आणि बोलणारा फक्त त्यांचे शब्द सांगत होता. स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे, परिच्छेद कुठे तोडायचा, हे सगळं उतरवणाऱ्या बाईंनी कानाने ठरवलेलं होतं.

आणि १४३? तो बहुधा प्रश्न होता. आमच्या मुलाने विचारलेला, ‘म्हणजे विश्वासावर दिला?’ असा. प्रश्नचिन्ह नसल्यामुळे ते कुटुंबाचं विधान झालं, आणि मसुद्यात तसंच आलं: ‘विश्वासावर कागद दिला, असं ते सांगतात.’ मला सगळ्यात जास्त याचीच धास्ती वाटली. आपलेच शब्द दुसऱ्याच्या तोंडी घालून, ते त्याचं म्हणणं म्हणून आपणच नोंदवायचं!

समोरचे पर्याय

चौघं बसलो आणि दोन तास बोललो.

एक पर्याय होता अंदाज नीट करून नावं घालायचा. वाचणाऱ्याला सारांश सोपा जातो, आणि निम्म्याहून जास्त अंदाज बरोबरही येतील असं एकाचं म्हणणं होतं. पण कुठले निम्मे, हे वाचणाऱ्याला कळणार नाही. चुकलेलं नाव आणि बरोबर नाव कागदावर सारखंच दिसतं.

दुसरा पर्याय सगळ्यांना सोयीचा वाटला: नावंच काढून टाकायची आणि ‘कुटुंबाचं म्हणणं असं’ एवढं लिहायचं. मीही आधी याच बाजूची होते. मत बदललं ते १४४ आणि १४५ मुळे. तिथे एक जण म्हणतो माणूस घरातला होता आणि दुसरा ते तिथल्या तिथे खोडतो. ते दोघं कोण हे माहीत नसलं तरी ते दोन वेगळे आहेत आणि त्यांचं जमत नाही, हे ढळढळीत दिसतं. ‘कुटुंबाचं म्हणणं’ लिहिलं की हा वाद पुसला जातो. वाटणीवरून ज्या घरात तिघांची तीन मतं आहेत, त्या घराला एकच तोंड देणं हेही खोटंच.

तिसरा पर्याय, दुसरा तुकडा पूर्ण वगळायचा. आवाज नाही तर पुरावा नाही. पण उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, बांध, भाताचं बी यांवरचं सगळ्यात चांगलं बोलणं त्याच तुकड्यात होतं. ते टाकून द्यायला कोणी तयार झालं नाही.

चौथा पर्याय, पुन्हा गावात जाऊन विचारायचं. हा करायचाच होता, पण लगेच नाही. काय विचारायचं हे आधी आपल्याला कळायला हवं. २३१ परिच्छेद घेऊन कोणाच्या दारात उभं राहता येत नाही.

आधी स्वतःची परीक्षा

आमच्यातल्या एका मैत्रिणीने एक युक्ती सुचवली आणि पुढचं सगळं काम त्या युक्तीवर उभं राहिलं. पहिल्या २७ मिनिटांचा आवाज आहे. मग आवाज न ऐकता, फक्त मजकूर वाचून, त्या ८८ परिच्छेदांना नावं घालून पाहू. नंतर ऐकू. आपला अंदाज कुठे बरोबर येतो आणि कुठे फसतो ते कळेल. दुसऱ्या तुकड्यात तेवढ्यापुरताच अंदाजावर भरवसा ठेवायचा.

मी आणि ती, दोघींनी वेगवेगळं बसून नावं घातली. मग एकत्र येऊन प्रत्येक परिच्छेदाला एक नाव ठरवलं आणि हेडफोन लावले. ज्या परिच्छेदात दोघांचं बोलणं मिसळलं होतं तिथे आधी बोलणारा धरला.

आमच्या विद्यार्थ्यांचे २४ परिच्छेद होते. त्यांपैकी २२ आम्ही ओळखले. चुकलेले दोन्ही विधानासारखे दिसणारे प्रश्न होते, १४३ सारखेच. दोन भावांचे मिळून ३७ परिच्छेद होते आणि त्यांपैकी १५ चुकले, बहुतेक एकाचं दुसऱ्याच्या नावावर. म्हणजे दोन भावांमधला आमचा अंदाज नाणं उडवण्याहून फारसा बरा नव्हता.

वहिनींचे २७ परिच्छेद होते. आम्ही १६ ओळखले. राहिलेल्या ११ पैकी ९ आम्ही थोरल्यांच्या नावावर टाकले होते. दोघी बाया असून. एक परिच्छेद बांधाला खांड पडली की काय करायचं याचा होता: भरती यायच्या आत माती, पेंढा आणि दगड कसे टाकायचे, उघाडीची फळी कधी खाली सोडायची. वाचताना मनात थोरल्यांचंच चित्र उभं राहिलं. हेडफोनमध्ये वहिनींचा स्पष्ट, थोडा घाईचा आवाज आला. मुलाच्या मसुद्यात त्यांच्या वाट्याला दोन ओळी होत्या, आणि त्या दोन्ही लग्नाबद्दलच्या.

आवाज ऐकताना आणखी एक गोष्ट सापडली. थोरले अस्सल आगरीत बोलतात: ‘पानी’, ‘आमी’, ‘गेलु’. धाकट्यांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपनीत बरीच वर्षं काढली, त्यांचं बोलणं बरंचसं शहरी झालं आहे. दोन भावांना वेगळं करणारी सगळ्यात पक्की खूण हीच होती. पण उतरवणाऱ्या बाईंनी शुद्ध लिहायचं म्हणून ‘पानी’चं ‘पाणी’ आणि ‘गेलु’चं ‘गेलो’ केलं होतं. त्यांनी जीव लावून काम केलं होतं, आम्हीच कधी सांगितलं नव्हतं की बोली तशीच ठेवा.

दुसऱ्या तुकड्यावर काय केलं

या परीक्षेनंतर ठरलं की ८९ पासून पुढे नाव घालायचं ते परिच्छेदातच पुरावा असेल तर. ‘हे थोरल्यांसारखं वाटतं’ हा पुरावा नाही. समोर तीन शिक्के ठेवले: नक्की, बहुधा, माहीत नाही. आणि प्रत्येक ‘नक्की’ व ‘बहुधा’पुढे कारण लिहायचं, एका ओळीत.

मराठीत पुरावे बरे मिळतात, पण प्रत्येकात एक खड्डा आहे.

सगळ्यात आधी क्रियापद पाहिलं. ‘मी जायचो’ आणि ‘मी जायचे’, ‘मला वाटतं मी चुकले’ आणि ‘चुकलो’, यांतून बाई की पुरुष हे लगेच कळतं. पण त्यासाठी ‘मी’ हा शब्द समोर हवा. नुसतं ‘गेले’ म्हणजे ‘मी गेले’ असेल किंवा ‘ते गेले’. नुसतं ‘गेलो’ म्हणजे ‘मी गेलो’ असेल किंवा ‘आम्ही गेलो’, आणि ‘आम्ही गेलो’ बायकाही म्हणतात. १४६ मधलं ‘गेलो सगळे’ याच जातीचं. आधी आम्ही ते पुरुषाचं म्हणून लिहून टाकलं होतं, मग खोडलं. शेवटी ते वहिनींचं नाही हे ठरलं, पण क्रियापदावरून नव्हे. पुढच्याच ओळीत त्यांनी त्याला हरकत घेतली आहे, म्हणून.

दुसरा पुरावा नात्याच्या हाकांचा. धाकटे वहिनींना ‘वहिनी’ म्हणतात, थोरले त्यांना नावाने हाक मारतात. म्हणून ‘वहिनी, तू सांग’ असं आलं की बोलणारे धाकटे. ‘दादा’ मात्र फसवं निघालं. धाकटे थोरल्यांना दादा म्हणतात, वहिनीही म्हणतात, आणि आमचे विद्यार्थी धाकट्यांना आदराने दादा म्हणत होते. एकाच शब्दाची दोन माणसं आणि हाक मारणारे चार. पहिल्या तुकड्यातल्या आमच्या चुकांपैकी तीन या एका शब्दामुळे झाल्या होत्या. दुसऱ्या तुकड्यात ‘दादा’वरून एकही नाव घातलं नाही.

तिसरा पुरावा वयाचा. १६८ वा परिच्छेद असा: ‘चौऱ्याऐंशीला गोळीबार झाला तेव्हा मी शाळेत होतो, मास्तरांनी घरी सोडलं.’ जानेवारी १९८४ मध्ये जासई भागात प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. ही तारीख पक्की आहे. थोरले तेव्हा पंचवीस वर्षांचे, धाकटे बारा-तेरा वर्षांचे. ‘होतो’ म्हणजे पुरुष, शाळेत म्हणजे धाकटे. नक्की. त्याच्या मागचे-पुढचे दोन परिच्छेद त्याच गोष्टीचे होते, म्हणून तेही धाकट्यांचेच धरावेत असं वाटत होतं. पण पहिल्या तुकड्यात पाहिलं होतं की या घरात एकाची गोष्ट दुसरा पुढे नेतो. त्या दोघांना ‘बहुधा’ दिलं.

या पद्धतीने गेल्यावर दुसऱ्या तुकड्यातल्या एकूण १४३ परिच्छेदांपैकी ६४ नक्की झाले, ३१ बहुधा आणि ४८ माहीत नाही. सात ओळींच्या त्या भागात नक्की एकच राहिली, १४७. बहुधा एक, १४३, आमचा विद्यार्थी म्हणून. बाकी पाचही माहीत नाही.

पुन्हा त्या घरी

आता काय विचारायचं ते कळलं होतं. ४८ मधले बरेचसे ‘हो’, ‘बरोबर’, ‘मग काय’ असे होते, त्यांचं नाव कळलं नाही तरी बिघडत नाही. विचारावेत असे अकरा परिच्छेद निघाले.

इथे एक निर्णय अवघड गेला. तिघांना एकत्र बसवून विचारायचं की वेगवेगळं? एकत्र विचारलं तर थोरले जे म्हणतील त्यापुढे बाकीचे गप्प बसायची शक्यता. वेगवेगळं विचारलं तर ‘त्याला काय विचारलं, मला काय विचारलं’ असा संशय. शेवटी शेतीबद्दलचे आठ परिच्छेद तिघांसमोर वाचले. सहीच्या भागातले तीन, १४१, १४२ आणि १४६, प्रत्येकाला वेगवेगळं विचारायचे ठेवले आणि असं करतोय हे तिघांनाही आधीच सांगितलं. वाचताना कोणाचंही नाव घ्यायचं नाही, ‘हे तुम्ही म्हणालात ना’ असं विचारायचं नाही. नुसतं वाक्य वाचायचं आणि ‘हे कोणी सांगितलं असेल?’ एवढंच.

शेतीचे आठ अर्ध्या तासात सुटले. वाक्य संपायच्या आत कोणीतरी म्हणायचं, “अरे, हे माझं,” आणि बाकीचे मान डोलवायचे. उघाडीची गोष्ट वाचली तेव्हा वहिनी हसून म्हणाल्या, “ते मीच सांगितलं. यांना काय माहीत, रात्री बांधावर मी आणि सासूबाई असायचो.” थोरल्यांनी ते लगेच मान्य केलं.

सहीचा भाग वाचला तेव्हा तीन उत्तरं आली. धाकटे म्हणाले, “१४१ माझं, पण ते मी बाबांचं सांगत होतो. सही बाबांची.” वहिनी म्हणाल्या, “ते दादा बोलले, मला चांगलं आठवतंय.” थोरले बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “कोण बोललं ते ध्यानात नाही. पण झालं तसंच.” सही कोणाची, असं त्यांनी होऊन सांगितलं नाही आणि आम्हीही खोदून विचारलं नाही.

१४६ बद्दल थोरले आणि धाकटे दोघंही म्हणाले, “माझं.”

हाती काय आलं

आता सारांशात त्या भागात असं लिहिलं आहे:

> भूखंडाच्या कागदावर सही करताना तो वाचला नव्हता, असं बोलणाऱ्यांपैकी एकाने सांगितलं. हे वाक्य कोणाचं याबद्दल कुटुंबातच एकमत नाही. सही वडिलांची होती, असं धाकट्या भावांनी नंतर सांगितलं; इतर दोघांनी त्याला दुजोरा दिला नाही किंवा ते नाकारलंही नाही. कागद आणणारा माणूस घरातला की फक्त ओळखीचा, यावर बोलणाऱ्यांपैकी दोघांचं पटलं नाही. त्या दिवशी आपण गेलो नव्हतो, असं वहिनी सांगतात.

‘विश्वासावर’ हा शब्द सारांशातून गेला. तो आमच्या बाजूचा असण्याची शक्यता जास्त होती, आणि त्यावर कुटुंबाकडून आलं होतं ते फक्त एक ‘हो’.

‘असं समजतं’, ‘असं म्हटलं जातं’ ही वळणं मुद्दाम टाळली. कोणी बोललं हे माहीत नसेल तर ‘बोलणाऱ्यांपैकी एकाने’ असं सरळ लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की माणूस होता, नाव आमच्याकडे नाही. ‘असं समजतं’ मध्ये माणूसच नाहीसा होतो.

अभ्यासकांसाठीच्या प्रतीत शिक्के आणि कारणं दोन्ही आहेत. घरी दिलेल्या प्रतीत फक्त सारांश आहे. सहीचा भाग ठेवायचा की नाही, हे तिघांना विचारलं. दोघं ठेवा म्हणाले. थोरले म्हणाले, वाद मिटेपर्यंत बाहेर देऊ नका. त्यामुळे तो परिच्छेद सध्या बाहेर जाणाऱ्या प्रतीत नाही, आणि तिथे ‘कुटुंबाच्या विनंतीवरून एक भाग राखून ठेवला आहे’ अशी ओळ आहे.

सारांशात वहिनी दोन ओळींवरून जवळजवळ एका पानावर आल्या. खारजमिनीचा सगळा भाग मुख्यतः त्यांच्या नावाने आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पुन्हा भेटीला जायला आम्ही तीन आठवडे घेतले. तेव्हाच, पहिल्या मसुद्याच्या दिवशी, नुसता फोन केला असता तर १४१ बद्दलची आठवण जास्त ताजी असती का? कदाचित. पण तेव्हा आम्ही नक्की ‘थोरल्यांनी सही केली, बरोबर ना?’ असंच विचारलं असतं, आणि मिळालेल्या ‘हो’वर समाधान मानलं असतं.

एक चूक मात्र टाळता येण्यासारखी होती. १४१ बद्दल तिघांना वेगवेगळं विचारताना आम्ही क्रमांक १४२ ही लगेच वाचला. ‘बाबा म्हणायचे’ कानावर पडल्यावरच धाकट्यांना वडिलांची आठवण झाली असेल, हे नाकारता येत नाही. आधी फक्त १४१ वाचून थांबायला हवं होतं.

आता मुलाखतीच्या सुरुवातीला प्रत्येकाकडून नाव आणि दोन वाक्यं रेकॉर्डवर घेतो, जेवण काय झालं, कुठून आलात, असं काहीही. आवाज ओळखायला तेवढं पुरतं. विचारणाऱ्याने अधूनमधून नाव घ्यायचं: “वहिनी, तुम्ही आता फळीचं म्हणालात...” फाइल उतरवलेल्या मजकुराशी ताडून होईपर्यंत कोणाच्याच फोनमधून पुसायची नाही.

उतरवून देणाऱ्या बाईंशीही बसून बोललो. बोली आहे तशी ठेवायची, नवा माणूस बोलला की ओळीच्या आधी रेघ, खात्री नसेल तर रेघेपुढे प्रश्नचिन्ह. यात वेळ जास्त जातो, म्हणून मिनिटामागचा दर वाढवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दोन माणसं एकदम बोलली तर काय लिहू?” आमच्यापैकी कोणी याचा विचारच केला नव्हता. मग ठरलं की दोघांचं जेवढं ऐकू येईल तेवढं दोन ओळींत लिहायचं आणि समासात मिनिट-सेकंद टाकायचे. परवा आलेल्या मुलाखतीत अशा १४ खुणा होत्या. पूर्ण रेकॉर्डिंग ५२ मिनिटांचं होतं. त्या चौदा जागा ऐकायला वीस मिनिटं लागली, आणि दोन ठिकाणी ‘हो’ म्हणणारा आमचाच विद्यार्थी निघाला.